इटालियन ऑपेराच्या मराठी पाट्या: जेर्मोंचं ‘तुम्ही’ मध्येच ‘तू’ होतं, त्याचं काय करू?

सायली_म

नमस्कार मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे.

आमच्या गाण्याच्या बाईंच्या दोन शिष्यांनी व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’मधला दुसऱ्या अंकातला मोठा प्रवेश पियानोच्या साथीने बसवलाय. गाणं इटालियनमध्येच होणार. मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरने मराठी पाट्या दाखवायच्या. हॉल लहान आहे, श्रोते सव्वाशेच्या आसपास, आणि बहुतेकांना इटालियनचा गंध नाही. मी इटालियनच्या तीन पातळ्या केल्यात, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं.

प्रवेश असा: व्हियोलेत्ता पॅरिसमधली नावाजलेली गणिका. ती सगळं सोडून आल्फ्रेदोबरोबर गावाबाहेरच्या घरात राहतेय. आल्फ्रेदोचा बाप, जेर्मों, तिच्या दारात येतो आणि म्हणतो, माझ्या मुलाला सोड, नाहीतर माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडेल. ती आधी नाही म्हणते, मग तुटते आणि कबूल होते.

अडचणी तीन. (इटालियन देवनागरीतच लिहिते, उच्चार कळायला बरं.)

१. शब्द. ‘रिएदेरे’, ‘वेग्गो’, ‘किएग्गो’, ‘फिया’... वर्गात यातलं एकही कधी शिकवलं नाही.
२. जागा आणि वेळ. चार ओळींचं कडवं भराभर गाऊन होतं, आणि माझं भाषांतर अजून पडद्यावर अर्धंच वाचून झालेलं असतं.
३. जेर्मों तिला सतत ‘तुम्ही’ म्हणतो आणि एका गाण्यात अचानक ‘तू’ म्हणतो. मी चुकतेय का?

---

नाना_गोरेगावकर

उत्तम उपक्रम. पण मुली, चालीत बसवणं सोपं नाही हो. मात्रा मोजून घे. आपल्या संगीत नाटकांत परक्या चालींवर पदं रचली गेली, तिथेही आधी चाल पाठ, मग शब्द. लांब सुरावर आकार किंवा ओकार यायला हवा, इकारावर गळा आवळतो. एक कडवं इथे टाक, मी बसवून बघतो.

---

सायली_म

नाना, आभार, पण मराठीत गायचं नाहीये. गाणं इटालियन, पाट्या फक्त वाचायला.

---

नाना_गोरेगावकर

अस्सं. म्हणजे सिनेमाच्या खाली असतात तशा. मग त्यात अवघड काय?

---

निखिल_बोलोन्या

मी बोलोन्यात शिकतो, थोडी भर घालतो. हे शब्द ‘अवघड’ वगैरे नाहीत, १८५३ची रोजची बोली आहे. आपल्याकडे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ‘करितो, जातसे’ म्हणायचे तसं. त्यामुळे भाषांतरही त्या काळच्या बोली मराठीत करावं.

‘रिएदेरे’ म्हणजे परतणे. ‘वेग्गो’ म्हणजे आजचं ‘वेदो’, बघतो. ‘किएग्गो’ म्हणजे ‘किएदो’, मागतो. ‘फिया’ म्हणजे ‘होईल’ किंवा ‘होवो’, संदर्भाप्रमाणे. एक गंमत सांगतो. याच प्रवेशात जेर्मों म्हणतो, ‘ऊन दी, क्वांदो ले वेनेरी’. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं शुक्रवारांबद्दल काहीतरी आहे, कारण शुक्रवार म्हणजे ‘वेनेर्दी’. :)

---

तिसरी_घंटा

निखिल, अर्थ तुम्ही बरोबर दिलेत, पण ‘रोजची बोली’ हे पटत नाही. पहिला प्रयोग झाला व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात, ६ मार्च १८५३ला. तिथला श्रोता घरी आणि बाजारात व्हेनिसची बोली बोलत होता. ‘किएग्गो’ म्हणून त्याने भाजी मागितली नसती. ही कवितेची राखीव भाषा होती, तेव्हाही जुनीच. संहिताकार प्यावेने ती वापरली कारण ऑपेराची संहिता अशीच लिहायची रीत होती.

शुक्रवारचं मात्र आवडलं, कारण मूळ तेच आहे. ‘वेनेरे’ म्हणजे व्हीनस, आपला शुक्र. तिचं अनेकवचन ‘ले वेनेरी’ म्हणजे रूपाची मोहिनी. जेर्मों तिला सांगतोय की काळ एक दिवस तुमचं रूप पळवून लावेल, आणि मग आल्फ्रेदोला कंटाळा येईल. पाटीवर ‘रूप ओसरलं की’ एवढं पुरे.

मी युरोपातल्या एका नाट्यगृहात बरीच वर्षं पाट्यांचं काम केलंय, लिहायचंही आणि प्रयोगात बटण दाबून बदलायचंही. सायली, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

---

वसुधा_र

तरीही मला निखिल यांचा मुद्दा थोडा पटतो. मुळातली भाषा तेव्हाही जुनी असेल, तर मराठीही किंचित जुनी हवी ना? ‘मी बघतो’ आणि ‘मी पाहतो आहे’ यातसुद्धा फरक पडतो. सगळं सपाट केलं तर व्हेर्दी मालिकेतल्या संवादासारखा वाटेल.

---

मिहीर_पडदेवाला

भाषेतलं मला कळत नाही, पण पडद्याचं सांगतो. आमच्या मंडळाने गणपतीत एलईडी पाटी भाड्याने आणली होती. टाइप केलं ‘मिरवणूक’, दिसलं ‘म’ आणि त्याच्या पुढे सुटी वेलांटी. जोडाक्षरांचे पाय मोडलेले. पाटीला देवनागरी जुळवता येतच नव्हती. शेवटी मजकुराचं चित्र करून चढवलं. तुम्ही प्रोजेक्टर वापरताय म्हणजे हा त्रास नाही, तरी शक्य तर प्रत्येक पाटी चित्र म्हणूनच ठेवा. हॉलच्या लॅपटॉपवर तुमचा फॉण्ट नसला की ओळी हलतात.

आणि काळ्यावर पांढरं. पांढऱ्यावर काळं केलंत तर आख्खी भिंत उजळते आणि गाणारी बिचारी अंधारात.

---

तिसरी_घंटा

मिहीर यांचं दोन्ही बरोबर आहे. आता जागेचं. लॅटिन लिपीत आम्ही एका पाटीवर दोन ओळी आणि एका ओळीत चाळीसच्या आत चिन्हं ठेवायचो. ते माप देवनागरीला लावू नका. ‘प्रतिष्ठा’ हा शब्द संगणक नऊ चिन्हांचा मोजतो, डोळा तीन अक्षरांचा वाचतो. अक्षरं मोजा. ओळीला सोळा ते अठरा अक्षरांच्या पुढे जाऊ नका. दोन ओळींत अंतरही जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो.

आता वेळ. वसुधाताई, तुमच्या मुद्द्याचं उत्तर मी इथे देते. १८५३चा श्रोता संहितेची छापील पुस्तिका विकत घेऊन बसायचा आणि प्रेक्षागृहात उजेड असायचा. त्याला ‘किएग्गो’वर अडखळायला सवड होती. आपल्या वाचकाला चार-पाच सेकंद आहेत, आणि त्यातही त्याने पाटीकडे कमी आणि गाणारीच्या चेहऱ्याकडे जास्त बघावं असं आपल्याला वाटतं. पाटी पुन्हा वाचावी लागली तर ती फसली. म्हणून शब्द साधे ठेवायचे आणि कवितेचा रंग एखाद्याच ठिकाणी द्यायचा.

जेर्मोंचं ‘पूरा सिक्कोमे उन आन्जेलो’ घ्या. बारा ओळी आहेत. मी त्या पाच पाट्यांत बसवीन:

१. देवानं मला मुलगी दिली, / देवदूतासारखी निर्मळ.
२. आल्फ्रेदो घरी परतला नाही, / तर तिचं लग्न मोडेल.
३. तिचं त्या मुलावर प्रेम आहे, / त्याचंही तिच्यावर.
४. प्रेमाच्या गुलाबांचे / काटे होऊ देऊ नका.
५. माझी विनंती / नाकारू नका.

मुळात आधी घरी न परतण्याची अट येते, मग ‘प्रिय आणि प्रेमी तरुण’ येतो, मग तो लग्नबंधन नाकारतो, आणि शेवटी ‘के लिएती ने रेंदेआ’, जे आम्हाला सुखी करत होतं ते बंधन. इथलं ‘ने’ म्हणजे ‘आम्हाला’. आजच्या इटालियनच्या सवयीने वाचलं तर ‘त्याचं, त्यातलं’ असा अर्थ लागतो आणि वाक्य कोलमडतं. पण पाटीत ती ओळ मी चक्क गाळली. लग्न मोडेल म्हटल्यावर घराचं सुख जाणार हे कळतंच.

रंग ठेवला तो चौथ्या पाटीत. ‘त्रीबोली’ म्हणजे काटेरी झुडपं. ‘काटे’ म्हटलं की गुलाबाशी जोडी जमते आणि ते मराठीतलंच वाटतं.

---

निखिल_बोलोन्या

बोलीचं चुकलं, मान्य. पण ‘इद्दीयो’चं नुसतं ‘देव’? ‘परमेश्वर’ जास्त शोभेल.

---

तिसरी_घंटा

‘देव’ दोन अक्षरं, ‘परमेश्वर’ पाच. आणि बाप बोलतोय, प्रवचनकार नाही.

---

सायली_म

ताई, हे सोनं आहे. आता माझा खरा अडलेला भाग टाकते, ‘दीते आल्ला जोविने’. ती कबूल होते ती जागा. माझा खर्डा:

१. त्या सुंदर, निष्पाप मुलीला सांगा,
२. की दुर्दैवाची बळी ठरलेली एक स्त्री आहे,
३. जिच्याकडे सुखाचा एकच किरण उरला आहे,
४. जो ती तिच्यासाठी अर्पण करेल आणि ती मरेल.

चौथीत कोण कुणासाठी मरतंय ते मलाच कळत नाही.

---

वसुधा_र

‘ती तिच्यासाठी’ हा मराठीचा जुना त्रास. निरोपच आहे ना? मग सरळ निरोपाच्या भाषेत ठेवा: ‘तिला सांगा, कुणी एक अभागी तुझ्यासाठी सुखाचा शेवटचा किरण देऊन टाकतेय.’ मराठीत हे अगदी सहज चालतं.

---

तिसरी_घंटा

कागदावर सुरेख आहे, पण पाटी एकटी असते. ‘तुझ्यासाठी’ ही पाटी येईल तेव्हा ‘तिला सांगा’ निघून गेलेलं असेल, आणि रंगमंचावर ती जेर्मोंकडे बघून गात असेल. श्रोत्याला वाटेल ती त्यालाच ‘तुझ्यासाठी’ म्हणतेय. आख्ख्या प्रवेशात ती त्याला ‘तुम्ही’ म्हणते, त्यामुळे तर गोंधळच.

सायली, तुझ्या खर्ड्यात ‘की, जिच्याकडे, जो’ ही सगळी इटालियन वाक्याची हाडं आहेत. ती काढ. मूळ ओळ आहे ‘के आ लेई इल साक्रिफिका, ए के मोर्रा’. इथलं ‘इल’ हे उपपद नाही, ‘लो’ आहे, म्हणजे ‘तो’, तो किरण. पुढे जेर्मोंच्या ओळीत ‘सुप्रेमो, इल वेग्गो, ए इल साक्रिफीचो’ आहे. तिथे पहिलं ‘इल’ म्हणजे ‘ते’ आणि दुसरं साधं उपपद. एकाच ओळीत दोन्ही. यावर मी स्वतः एकदा घसरलेय.

असं बघ:

१. त्या निर्मळ, देखण्या मुलीला सांगा,
२. जगात कुणी एक अभागी आहे.
३. सुखाचा एकच किरण उरलाय तिच्याकडे.
४. तोही ती त्या मुलीला देईल...
५. ...आणि मरेल.

पाचवी वेगळी का, तर चौथीतच ‘मरेल’ दिसलं तर ती अजून किरणाबद्दल गात असताना श्रोता तिच्या मरणाशी पोचलेला असतो. ‘मोर्रा’ हा शब्द तिच्या तोंडून येईल तेव्हाच पाटी यायला हवी. ओळी पुन्हा गायल्या जातात तेव्हा काळा पडदा. एकदा वाचलेलं पुन्हा दाखवायचं नाही, लोकांना तिला बघू द्यायचं.

आणि दाबणाऱ्याने घड्याळ लावायचं नाही. पियानोच्या प्रतीवर पेन्सिलीने पाटीचा आकडा त्या सुरावर लिहायचा, काळ्या पाटीलाही आकडा द्यायचा, आणि गाणारी श्वास घेते तेव्हा बटण दाबायचं. एखाद्या दिवशी ती सूर दुप्पट धरते, तुमचा लॅपटॉप तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून दाबणारा तालमीला हवाच.

---

नाना_गोरेगावकर

आता कळलं. म्हणजे पेटीवाला गायकाच्या तोंडाकडे बघून साथ करतो, तसंच.

---

तिसरी_घंटा

तसंच, नाना. आणि चुकलं तर त्याच्यासारखंच सगळ्यांना कळतं. तिसऱ्या अंकात व्हियोलेत्ता जेर्मोंचं पत्र वाचते. गात नाही, बोलून वाचते, मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातल्या प्रेमाची धून. पत्र संपतं, आणि ती म्हणते, ‘ए तार्दी’, उशीर झाला. एका प्रयोगात मी पत्राच्या शेवटच्या ओळीबरोबरच ती पाटी दाबली. गाणारीने सहीनंतर लांब विराम घेतला. पाच सेकंद आख्खं घर ‘उशीर झाला’ वाचत बसलं आणि ती मात्र अजून कागदाकडे बघत होती. बोललेल्या मजकुराला धरायला ताल नसतो, तिथे नटीचा चेहराच ताल.

---

सायली_म

आणि माझा तिसरा प्रश्न? ‘तू’चा?

---

तिसरी_घंटा

तू चुकली नाहीस. मला तर तीच या प्रवेशातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. इंग्रजी पाट्यांत ती मरते, कारण तिथे दोन्हीला एकच शब्द. मराठीकडे दोन आहेत.

जेर्मों आत येतो तो अपमान करायलाच, पण ‘व्होई’ने, म्हणजे ‘तुम्ही’ने. ‘निर्मळ मुलगी’वाल्या कडव्यातही ‘तुमचं हृदय’. रूप ओसरेल हेही ‘तुम्ही’नेच सांगतो. ती ‘दीते आल्ला जोविने’ गाते आणि त्यावर तो ‘पियांजी, पियांजी, ओ मीज़ेरा’ म्हणतो, रड, रड. ‘इओ ती किएग्गो’, मी तुझ्याकडे मागतोय. ‘ले तूए पेने’, तुझ्या यातना. ते गाणं संपतं, ती विचारते काय करू, आणि तो म्हणतो ‘दीतेली’, त्याला सांगा. लगेच पुन्हा ‘तुम्ही’.

पुढे तिसऱ्या अंकातलं पत्र ‘तुम्ही’त. तो भेटायला येतो तेव्हा पहिलं वाक्य ‘तुम्ही’त. ती मरताना क्षमा मागतो तेव्हा मात्र ‘तू’. म्हणजे ती रडत असताना आणि मरत असताना.

---

वसुधा_र

पण मराठीत ओळख नसलेल्या बाईला, आणि त्यातही गणिकेला, एखादा प्रतिष्ठित माणूस एकदम ‘तू’ म्हणाला, तर ती माया वाटेल की तुच्छता? मला तर दुसरंच आधी ऐकू येईल.

---

निखिल_बोलोन्या

‘रड पोरी, रड’ करा. ‘पोरी’ म्हटलं की बाप दिसतो.

---

सायली_म

हे मलाही सुचलं होतं. पण थोड्याच वेळाने ती स्वतःच म्हणते, ‘क्वाल फील्या माब्ब्राच्चाते’, मुलीसारखं मला जवळ घ्या. त्याने आधीच ‘पोरी’ म्हटलं असेल, तर तिच्या मागण्यात काय उरलं? त्याने तिला मुलगी म्हटलेलं नाही, म्हणून तर तिला ते मागावं लागतं ना?

---

तिसरी_घंटा

शाब्बास. मला हे सुचलं नव्हतं.

---

निखिल_बोलोन्या

बरोबर, ‘पोरी’ मागे घेतो. ‘रड, अभागे’?

---

वसुधा_र

‘अभागे’ शिवीसारखं वाटतं. ‘रड, बाई, रड’? ‘बाई’त माया आहे, नातं नाही.

---

नाना_गोरेगावकर

‘बाई’ छान आहे. आणि सव्वाशे लोकांतल्या शंभरांना ते कुठल्याही कोशाविना कळेल.

---

तिसरी_घंटा

‘बाई’ मला थोडं पुण्यातल्या वाड्यात गेल्यासारखं वाटतंय, पण ‘अभागे’पेक्षा बरं. दुसरा उपाय म्हणजे संबोधनच टाळायचं: ‘रड. मन मोकळं कर.’ ‘कर’मधला ‘तू’ ऐकू येतो आणि जागाही वाचते. मग ‘केवढं मागतोय मी तुझ्याकडे’.

---

सायली_म

काल तालीम झाली. हकिगत सांगते.

‘...आणि मरेल’ वेगळी पाटी केली, श्वासावर दाबली. बाईंच्या घरातले सात-आठ जण बघायला होते, कुणीही पुढे वाचून मान खाली घातली नाही. अक्षरं सतराच्या आत आणली, फक्त एक पाटी एकोणीसची राहिली, तिथे मागच्या खुर्चीवरच्या काकूंनी डोळे बारीक केले.

‘तू’ची परीक्षा वेगळीच निघाली. ‘रड. मन मोकळं कर.’ हे सगळ्यांना भिडलं. पण लगेच पुढची पाटी, ‘त्याला सांगा, प्रेम नाही म्हणून’, आली तेव्हा एका काकांनी विचारलं, “हे ‘सांगा’ टायपिंगची चूक आहे का? आत्ता तर तू म्हणत होता.” दोघांनी माना डोलावल्या.

बाई म्हणतात, एकदा ‘तू’ झालं की प्रवेश संपेपर्यंत ‘तू’च ठेव, लोकांना हिशेब मांडायला लावू नको. मला वाटतं, काकांना खटकलं तेच व्हायला हवं, माणूस जवळ आला आणि पुन्हा कोट झटकून उभा राहिला. पण ते टायपिंगची चूक म्हणून कळलं तर उपयोग काय?

---

तिसरी_घंटा

मधे काळी पाटी किती वेळ होती?

---

सायली_म

नव्हतीच. ‘काय करू, सांगा’ ही तिची पाटी आणि त्याचं उत्तर एकाच पडद्यावर, दोन ओळींत, डॅश देऊन.

---

तिसरी_घंटा

मग आधी ते सोडव. गाणं संपल्यावर काळं कर, तिची ओळ एकटी येऊ दे, पुन्हा काळं, मग त्याचं ‘सांगा’. तो अंतर घेतोय हे पडद्यानेही दाखवू दे. तरीही काकांना चूक वाटली तर बाईंचं ऐक.

---

वसुधा_र

मी असते तर तरीही ‘सांगा’च ठेवलं असतं.

---

सायली_म

शनिवारी पुन्हा तालीम आहे. त्याच काकांना बोलावलंय, कारण न सांगता.